खिडकीला धरून काढलेल्या एक्स-रेच्या फोटोत डॉक्टरांना काय दिसत नाही, आणि फोटो काढायचाच असेल तर कसा काढायचा

मी सोलापुरात एक्स-रे टेक्निशियन म्हणून काम करतो. अक्कलकोट, मोहोळ, बार्शीकडनं लोक फिल्म काढून नेतात, घरी गेल्यावर खिडकीच्या काचेला धरतात, मोबाईलनं फोटो काढतात आणि व्हॉट्सॲपवर डॉक्टरांना पाठवतात. डॉक्टरांचं उत्तर येतं, "फोटोत कळत नाही, फिल्म घेऊन या." मग घरच्यांना वाटतं डॉक्टर टाळाटाळ करतायत, इतका स्वच्छ फोटो दिसतोय की, बरगड्या मोजता येतायत! पण डॉक्टर खरं तेच सांगत असतात. बरगड्या दिसणं वेगळं आणि डॉक्टर जे शोधतायत ते दिसणं वेगळं. इथं फक्त छातीच्या एक्स-रेबद्दल लिहितोय, कारण खिडकीच्या फोटोत सगळ्यात जास्त नुकसान छातीच्या फिल्मचंच होतं.

एक केस घेऊ. तेवीस वर्षांचा मुलगा, उंच, सडपातळ, सकाळी अचानक उजव्या बाजूला छातीत कळ आली, खोल श्वास घेतला की टोचतंय, पण चालतोय, बोलतोय. गावातच एक्स-रे काढला आणि घरच्यांनी खिडकीला धरून फोटो पाठवला. अशा मुलात डॉक्टरांच्या डोक्यात पहिल्यांदा येतो न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये हवा शिरणं. थोडीच हवा असेल तर उभ्यानं काढलेल्या फिल्मवर ती वरच्या टोकाला जमते, गळपट्टीच्या हाडाच्या, म्हणजे कॉलरबोनच्या, आसपास. तिथं केसासारखी एक बारीक पांढरट रेष दिसते, ती फुफ्फुसाची कड. त्या रेषेच्या बाहेर फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या फांद्या दिसत नाहीत, नुसतं काळं. म्हणजे डॉक्टर काळ्या भागातली काळ्याहून जराशीच कमी काळी रेष शोधतायत, आणि नेमकी तीच खिडकीच्या फोटोत पहिल्यांदा जाते.

का जाते ते आकड्यात बघू, हिशोब ढोबळ आहे पण डोक्यात बसतो. फिल्म किती काळी आहे हे तिच्यातनं किती उजेड पार जातो त्यावरनं मोजतात. घनता 1 म्हणजे दहावा भाग उजेड पार होतो, 2 म्हणजे शंभरावा, 3 म्हणजे हजारावा. छातीच्या एकाच फिल्मवर हृदयाचा पांढरा भाग समजा शंभरातला 40 भाग उजेड सोडतो आणि फुफ्फुसाचा काळा भाग सोडतो फक्त 1.6 भाग. ती बारीक रेष सोडते 1.8. आता फोटोत फिल्मच्या बाजूनं उघडं आभाळपण येतंय, ते पूर्ण 100. मोबाईल ते आभाळ सांभाळायला जातो, आणि साध्या जेपीजी फोटोत काळ्यापासनं पांढऱ्यापर्यंत 256 पायऱ्याच असतात. आभाळ सगळ्यात वरच्या पायरीवर बसलं की फुफ्फुस येतं 34 नंबरच्या आसपास आणि रेष 36 वर. दोनच पायऱ्यांचा फरक! अंधाऱ्या भागात कॅमेऱ्याचा स्वतःचाच बारीक रवाळपणा एवढा असतो, वर मोबाईल तो रवाळपणा पुसायला जातो त्यात रेषपण पुसतो, आणि जे काही उरलं असेल ते व्हॉट्सॲप फोटो दाबून छोटा करताना सपाट करून टाकतं. म्हणून समोरनं उत्तर येतं, "कळत नाही."

दुसरं कारण लेन्सचं आहे आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. फिल्मच्या कडेनं येणारा लख्ख उजेड लेन्समध्ये शिरतो आणि आत विखरून पूर्ण फोटोवर पातळ धुकं पसरवतो. मोबाईल दिवसभर हातात असतो, लेन्सवर बोटाचा तेलकटपणा असतोच, मग धुकं वाढतं. समजा आभाळाच्या शंभरातला 1 भाग जरी असा सगळीकडं पसरला, तर फुफ्फुसाचे 1.6 चे झाले 2.6 आणि रेषेचे 1.8 चे झाले 2.8. आधी रेष फुफ्फुसापेक्षा साधारण 12 टक्के उजळ होती, आता राहिली 8 टक्के. फोटो मात्र बघायला आणखी "ब्राईट" वाटतो, त्यामुळं काढणारा खूष असतो.

दवाखान्यातल्या व्ह्यू बॉक्सवर, म्हणजे फिल्म लावून बघायच्या दिव्याच्या पेटीवर, हे का होत नाही? तिथं मागनं एकसारखा पांढरा उजेड असतो, खोलीतले दिवे कमी केलेले असतात, आणि डॉक्टर फिल्मच्या बाहेरचा भाग झाकून, जवळ जाऊन, मान हलवून बघतात. एखादा कोपरा फारच काळा असेल तर त्याच्यामागं छोटा जास्त तीव्र दिवा धरतात. त्यांची नजर प्रत्येक भागाला जुळवून घेते, आधी काळ्या भागाला, मग हृदयाच्या मागच्या भागाला. फोटोत एकच एक्स्पोजर गोठलेलं असतं. हृदयाच्या मागं डाव्या खालच्या बाजूला फुफ्फुसाचा बराच भाग लपलेला असतो, तिथली न्यूमोनियाची सावली किंवा गाठ बघायला पांढऱ्याच्या आतला फरक लागतो. फुफ्फुस नीट दिसेल असा फोटो काढला तर हा भाग पांढराफटक होतो, आणि हा भाग जपला तर फुफ्फुस काळं. एका फोटोत दोन्ही राहत नाहीत.

खिडकी लपवते तशी नसलेलं दाखवतेपण, आणि हे मला जास्त काळजीचं वाटतं. फिल्म पारदर्शक असते. मागं कडुनिंब असला की त्याची पानं फुफ्फुसात डाग म्हणून उतरतात, ग्रिलचा गज बरगडीसारखा दिसतो, समोरच्या इमारतीची कड रेष होऊन बसते, तीच रेष जी डॉक्टर शोधतायत. आणि आपल्याकडं घरोघरी खिडकीला डासांची जाळी असते, तिची बारीक नक्षी फोटोत उतरली की दोन्ही फुफ्फुसांत बाजरीच्या दाण्याएवढे ठिपके पसरल्यासारखं वाटू शकतं. मिलिअरी टीबी नावाच्या आजारात फिल्मवर तसंच काहीसं दिसतं, म्हणजे जाळीमुळं नसती धास्ती बसायची. बरं, कॅमेऱ्याचा फोकससुद्धा कधीकधी फिल्म सोडून मागच्या झाडावर जातो. संध्याकाळी तर बाहेर अंधार आणि घरात ट्यूबलाईट, मग फिल्मच्या चकचकीत पृष्ठभागावर ट्यूब, पंखा, फोटो काढणाऱ्याचा शर्ट सगळं उमटतं.

आता करायचं काय. फोटोच्या आधी एक काम आहे, आणि ते जमलं तर फोटोची गरजच राहत नाही. आजकाल बहुतेक सेंटरला एक्स-रे डिजिटलच निघतो, फिल्म ही त्याची फक्त प्रिंट असते. मूळ फाईल सेंटरच्या कॉम्प्युटरवर असते आणि तिच्यात 256 च्या जागी हजारो पायऱ्या असतात. ती फाईल उघडली की डॉक्टर माऊस ओढून आधी फुफ्फुस उजळवतात, मग हृदयामागचा भाग काळा करून बघतात, सगळं एकाच फाईलमध्ये. प्रिंट काढताना टेक्निशियननं एकच उजळपणा ठरवून दिलेला असतो, म्हणजे फिल्मवरच थोडी माहिती कमी झालेली असते, आणि तिचा फोटो म्हणजे कमीतलं कमी. म्हणून काउंटरवर मोकळेपणानं मागा, "मला डायकॉम फाईल द्या, पेन ड्राईव्हवर, सीडीवर किंवा लिंक असली तर लिंक द्या." फाईलच्या नावाला शेवटी बऱ्याचदा `.dcm` असतं, सीडी असेल तर तिच्यात `DICOMDIR` नावाची फाईल दिसते. हे त्याच दिवशी मागा, नंतर जुनी फाईल मिळेलच असं नाही. सेंटरनं कॉम्प्युटरवरनं थेट काढलेली जेपीजी दिली तरी खिडकीच्या फोटोपेक्षा पुष्कळ बरी, पण तिच्यात उजळपणा एकच गोठलेला असतो हे ध्यानात ठेवा. सेंटरचे लोक कधीकधी आपल्या स्क्रीनचा मोबाईलनं फोटो काढून देतात, तो घेऊ नका, फाईलच मागा.

फाईल नाहीच मिळाली, फिल्म एवढीच हातात आहे आणि डॉक्टर लांब आहेत, तर जवळच्या हाडाच्या दवाखान्यात जा. तिथं बहुतेक व्ह्यू बॉक्स असतोच, विनंती केली तर दोन मिनिटं लावू देतात. तेही नसेल तर घरचा टीव्ही. लॅपटॉप चालतो, पण छातीची मोठी फिल्म 14 बाय 17 इंच असते, म्हणजे साधारण 35 बाय 43 सेंटीमीटर, ती लॅपटॉपच्या स्क्रीनवर मावत नाही. 32 इंची टीव्हीचा स्क्रीन साधारण 70 बाय 40 सेंटीमीटर असतो, त्यावर फिल्म आडवी धरली की पूर्ण बसते. फोटो मग फिरवून घ्यायचा. तुमची फिल्म छोटी प्रिंट असेल, 10 बाय 12 वगैरे, तर लॅपटॉपवरपण भागतं, पण ती आडवी धरूनसुद्धा कडेनं बाहेर जाते, म्हणून दोन तुकड्यांत फोटो घ्या.

टीव्हीवर कोरी पांढरी इमेज लावा, मोबाईलवरनं कास्ट केली तरी चालेल, ब्राईटनेस पूर्ण. पूर्ण ब्राईटनेस दोन कारणांसाठी, एक तर उजेड जास्त मिळतो आणि दुसरं म्हणजे ब्राईटनेस कमी केला की बऱ्याच टीव्हींचा मागचा दिवा फार वेगानं चालू-बंद होतो आणि फोटोत आडवे पट्टे येतात. स्क्रीन पिवळसर करणारा मोड बंद. फिल्म थेट स्क्रीनला लावली तर स्क्रीनचे बारीक ठिपके फोटोत लहरी उठवतात, म्हणून मध्ये बटर पेपरचा एक सपाट कागद ठेवा, घडी पडलेला नको, घडीची रेषपण फोटोत येते. मग फिल्मच्या बाहेर टीव्हीचा जेवढा पांढरा भाग उरतोय तो सगळा झाका. काळा पुठ्ठा उत्तम, नाहीतर सोलापुरी चादर आहेच घरात, गडद रंगाची असेल तर दुहेरी करून चारही बाजूंनी लावा, तिच्यातनं उजेड येत नाही. ही पायरी लोक सोडून देतात आणि सगळ्यात जास्त फरक हिच्यामुळंच पडतो. तो 100 वाला उजेड गेला की लेन्समधलं धुकं जवळजवळ संपतं आणि मोबाईलला फुफ्फुसाकडं लक्ष देता येतं.

खोलीतले सगळे दिवे बंद, पडदे ओढून घ्या, फ्लॅश अजिबात नको. फिल्म कोरड्या मऊ कापडानं हलक्या हातानं पुसा, पाणी नको. लेन्सपण पुसा. एकानं फिल्म कडेच्या मार्जिनला धरायची, बोट वरच्या टोकावर किंवा खालच्या कोपऱ्यावर येता कामा नये, कारण न्यूमोथोरॅक्स वर आणि छातीतलं थोडं पाणी खालच्या कोपऱ्यात, अशा दोन्ही जागा बोटाखाली जातात. टीव्हीचा पॅनल दाबू नका. फिल्मवरची नावाची अक्षरं सरळ वाचता येतील अशी बाजू समोर ठेवा आणि त्यावरचं उजव्या-डाव्याचं अक्षर, R किंवा L, फोटोत आलंच पाहिजे. फिल्म उलटी झाली तर हृदय रुग्णाच्या उजव्या बाजूला असल्यासारखं दिसतं आणि दुखणं कुठल्या बाजूचं याचाच घोळ होतो.

मोबाईल फिल्मच्या बरोबर मध्यासमोर, साधारण एक मीटर लांब, स्टँडवर किंवा खुर्चीच्या पाठीवर टेकवून ठेवा, कारण अंधारात हात हलला की बारीक रेष पहिली जाते. जवळनं तिरका काढलेला फोटो एका बाजूचं फुफ्फुस मोठं आणि दुसरं लहान दाखवतो. वाईड लेन्स नको, मेन कॅमेरा, वाटलं तर दुप्पट झूम. एचडीआर, ब्युटी, नाईट मोड बंद करता येत असेल तर बंद करा, हे मोड फोटोचे वेगवेगळे भाग वेगवेगळे उजळवतात आणि खऱ्या सावल्यांचा एकमेकांशी असलेला हिशोब बिघडतो. कागद स्कॅन करायचं ॲप तर मुळीच वापरू नका, ते कागद पांढरा आणि अक्षर काळं करायला बनवलेलं असतं, मधल्या करड्या छटा ते फेकून देतं, आणि एक्स-रे म्हणजे सगळ्या करड्या छटाच आहेत.

आता तीन फोटो. मोबाईलच्या स्क्रीनवर फुफ्फुसाच्या काळ्या भागावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं, मग बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते वर सरकवा, फुफ्फुस मधल्या करड्या रंगाचं दिसेपर्यंत. हृदय पांढरंफटक होईल, होऊ द्या. हा पहिला. दुसऱ्यासाठी हृदयावर बोट दाबून उजेड खाली आणा, हृदयाच्या आत मणक्याची पुसट कड दिसायला लागेपर्यंत. तिसरा मधला, सगळी फिल्म कडेसह, नाव, तारीख आणि बाजूचं अक्षर सगळं येईल असा. आपल्या त्या मुलाच्या केसमध्ये चौथा पण घ्या, दुखणाऱ्या बाजूचं वरचं टोक, गळपट्टीच्या हाडाच्या वरखाली, जवळनं, पहिल्या फोटोच्याच उजेडात. मगाचाच हिशोब लावला तर बाहेरचा उजेड झाकून एक्स्पोजर सोळा पट वाढवलं की फुफ्फुस जातं 138 च्या आसपास आणि रेष 146 वर. दोन पायऱ्यांच्या आठ झाल्या, आणि त्यापण उजेडाच्या भागात जिथं कॅमेऱ्याचा रवाळपणा कमी असतो. रेष सापडायची शक्यता आता आहे, खात्री मात्र नाही.

पाठवायच्या आधी फोटो तपासा, त्याला डॉक्टर असायची गरज नाही. फिल्म टीव्हीसमोरच ठेवून नुसत्या डोळ्यांनी एखादी पुसट गोष्ट शोधा, म्हणजे फुफ्फुसाच्या वरच्या काळ्या भागातली बरगडीची खालची कड, किंवा बाहेरच्या कडेकडं बारीक होत गेलेली रक्तवाहिनीची फांदी. मग तीच जागा फोटोत झूम करून बघा. डोळ्याला दिसतेय आणि फोटोत नाही, तर फोटो बाद, परत काढा. नावाची बारीक अक्षरं झूम केल्यावर फाटलेली दिसली तर फोकस गेलाय. फुफ्फुसाच्या पांढऱ्या-करड्या भागात पट्टे, ठिपक्यांची एकसारखी नक्षी किंवा कुठल्याही वस्तूचा आकार दिसला तर तो मागनं किंवा प्रतिबिंबातनं आलाय, फिल्म थोडी सरकवून परत बघा, जो डाग फिल्मबरोबर सरकत नाही तो फिल्ममधला नाही.

पाठवताना व्हॉट्सॲपच्या पेपरक्लिपमधनं गॅलरी न घेता डॉक्युमेंट घ्या आणि त्यातनं फोटो निवडा, तसा पाठवला की तो न दाबता जातो. एचडीचं बटण साध्यापेक्षा बरं आहे, पण त्यातपण फोटो दाबला जातोच. तो पुढं दुसऱ्या कुणा डॉक्टरांना फॉरवर्ड करतानापण डॉक्युमेंटच राहील असं बघा. आणि फोटोबरोबर चार ओळी लिहा, नुसतं "सर बघा ना" नको. आपल्या मुलासाठी त्या अशा होतील: "वय 23, पुरुष. आज सकाळी 7 पासनं उजव्या बाजूला अचानक छातीत दुखतंय, खोल श्वासाला जास्त. ताप, खोकला नाही. दम लागत नाही. एक्स-रे आज 11 वाजता उभ्यानं काढलाय. मूळ फिल्म आमच्याकडं आहे, फोटो टीव्हीच्या उजेडात काढलेत, वरच्या भागाचा वेगळा दिलाय." दुखणं कुठल्या बाजूला आणि कधीपासनं, हे कळलं की डॉक्टर नेमक्या त्या जागेकडं नजर लावतात. रुग्णाचं नाव दिसणारा फोटो त्याच्या डॉक्टरांनाच पाठवा, फॅमिली ग्रुपवर टाकू नका.

एवढं सगळं करूनसुद्धा फोटोवरनं "आहे" म्हणता येतं, "नाही" म्हणता येत नाही. छातीत भरपूर पाणी, पूर्ण दबलेलं फुफ्फुस, सरकलेलं मोडलेलं हाड, हे साध्या फोटोतपण बऱ्याचदा दिसतं आणि डॉक्टर लगेच सांगतात. पण फोटोत काही दिसलं नाही याचा अर्थ फिल्म नॉर्मल आहे असा होत नाही. त्या मुलाला डॉक्टर म्हणाले, "फोटोत रेष असल्यासारखी वाटतेय, फिल्म घेऊन आजच या," तर आजच निघायचं, आणि "फोटोत काही वाटत नाही, पण फिल्म बघू" म्हणाले तरी आजच निघायचं. आणि दम लागायला लागला, ओठ निळसर पडले, नाडी फार जोरात चालायला लागली, चक्कर आली, तर फोटो काढत बसू नका, 108 ला फोन करा किंवा थेट सिव्हिलच्या किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. हवा वाढत जाऊन दाब वाढला तर डॉक्टर एक्स-रेची वाटसुद्धा बघत नाहीत, आधी हवा काढतात.

फिल्म नेताना एक गोष्ट सांभाळा, ती आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी मुद्दाम सांगतोय. आताच्या बऱ्याच फिल्म कोरड्या मशीनवर उष्णतेनं छापलेल्या असतात आणि परत उष्णता लागली की काळपट पडतात. एप्रिल-मे मध्ये बंद गाडीच्या काचेमागं, गाडीच्या डिकीत किंवा उन्हातल्या खिडकीत चिकटवून ठेवलेली फिल्म दवाखान्यात पोचेपर्यंत करपल्यासारखी होऊ शकते, मग व्ह्यू बॉक्सपण काही करू शकत नाही. पाकिटात घालून, सरळ, घडी न घालता, अंगाजवळ सावलीत न्या, आणि घरात आधीचा छातीचा जुना एक्स-रे असेल तर तोपण त्याच पाकिटात टाका, दोन्ही शेजारी लावले की नवीन काय आहे ते डॉक्टरांना लगेच कळतं.